घड्याळ दारापासून सुरू करा

इमर्जन्सी विभागात कोणाला तरी तासन्‌तास ताटकळावं लागतं, त्यातून काहीतरी विपरीत घडतं आणि मग पुढचे चार-सहा दिवस एकच वाद चालू राहतो. एक बाजू म्हणते, डॉक्टर-नर्स रात्रंदिवस राबतात, माणसं अपुरी आहेत, खाटा अपुऱ्या आहेत, अशा वेळी तक्रार करणं म्हणजे थकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी ओझं टाकणं. दुसरी बाजू म्हणते, ड्युटीवर कोण होतं त्याचं नाव सांगा, त्याला निलंबित करा, गुन्हा नोंदवा. दोन्ही बाजूंचा संताप खरा आहे. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते: तक्रार म्हणजे आरोप, आणि आरोप म्हटला की आरोपी हवा. या गृहीतकामुळे पहिली बाजू तक्रार करूच नका म्हणते आणि दुसरी माणूस शोधत फिरते. त्या रात्री नेमकं काय घडलं, हे कोणाच्याच हाती लागत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. आपत्कालीन उपचारातल्या उशिराबद्दल प्रशासनाला दिलेली लेखी तक्रार ही मुळात वेळेची साक्ष असते आणि ती साक्ष रुग्णाच्या बाजूच्या माणसाखेरीज दुसरं कोणी देऊच शकत नाही. रुग्णालयाचा कागद रुग्णावर काहीतरी केलं गेलं की बोलायला लागतो. इंजेक्शन दिलं, नोंद झाली. रक्त घेतलं, नोंद झाली. पण काहीच झालं नाही, माणूस नुसता बाकावर बसून राहिला, याची नोंद कोणी करायची? मी बारा वर्षं एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काम केलं आहे. हजारो केस पेपर हाताखालून गेले. ‘रुग्ण एक तास थांबला होता’ असं वाक्य त्यांतल्या एकावरही वाचल्याचं मला आठवत नाही.

हे मला कामातून ठाऊक होतं. त्याचा अर्थ कळला तो माझ्या मावशीच्या निमित्ताने. वय अडुसष्ट, वीस वर्षांचा मधुमेह. एका रात्री जेवणानंतर तिला मळमळायला लागलं, पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं वाटू लागलं, आणि दम लागला. छातीत दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही. माझा मावसभाऊ तिला घेऊन रात्री ९:४० वाजता रुग्णालयाच्या दारात पोहोचला. व्हीलचेअर शोधणं, खिडकीपुढची रांग, नाव-पत्ता-वय यांत वेळ गेला आणि केस पेपर निघाला ९:५८ ला. १०:१५ ला सिस्टरांनी नाडी आणि रक्तदाब पाहिला, तक्रार विचारली, कागदावर ‘पोटात जळजळ, मळमळ’ असं लिहिलं आणि बसायला सांगितलं. १०:५० ला भाऊ त्यांच्याकडे गेला, आईला दरदरून घाम येतोय म्हणाला. नंबर येईल, असं उत्तर मिळालं. ११:२५ ला तो पुन्हा गेला. तेव्हा सिस्टर एका अपघाताच्या रुग्णापाशी होत्या, त्यांनी हातानेच थांबायची खूण केली. ११:५० ला मावशीला आत घेतलं, ११:५२ ला ईसीजी निघाला, आणि मग मात्र एक सेकंद वाया गेला नाही. हृदयविकाराचा मोठा झटका होता. १:१० ला बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडली. मावशी वाचली. पण हृदयाच्या स्नायूचा बराच भाग गेला तो गेलाच. आता जिन्याच्या आठ पायऱ्या चढून ती थांबते.

मधुमेही, वयस्क आणि विशेषतः स्त्रिया यांच्यात झटका असाच फसवा येतो, हे वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून माहीत आहे. मधुमेहाने वेदना वाहून नेणाऱ्या नसा बोथट होतात. छातीतली कळ पोटातल्या दाबासारखी, मळमळीसारखी किंवा नुसत्या धापेसारखी जाणवते. म्हणूनच झटक्याची शंका येण्याजोगा रुग्ण आला तर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी काढावा, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. तपासणी स्वस्त आहे, बिनदुखाची आहे आणि पाच मिनिटांत होते. दारापासून मोजलं तर आमच्याकडे तिला १३२ मिनिटं लागली.

आता डिस्चार्ज कार्ड पाहा. त्यावर छापलं होतं: ‘रुग्ण रात्री ११:५० वाजता दाखल. ईसीजी ११:५२. रक्तवाहिनी उघडली १:१०.’ म्हणजे दोन मिनिटांत ईसीजी आणि ८० मिनिटांत उपचार. रुग्ण दारात आल्यापासून रक्तवाहिनी उघडेपर्यंत ९० मिनिटं ही सर्वमान्य मर्यादा. कागदावर हे रुग्णालय त्या मर्यादेत आरामात बसत होतं, आणि महिन्याच्या आढाव्यात ही केस उत्तम कामगिरीचं उदाहरण म्हणून मोजली गेली असणार. प्रत्यक्षात दारापासून २१० मिनिटं गेली होती. यात कोणी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही, आणि मला तसं वाटतही नाही. संगणकात ‘दाखल’ची वेळ आतली खाट मिळाल्यावरच पडत होती. व्यवस्थेने घड्याळ जिथे लावलं होतं तिथून ते इमानदारीने चाललं. घड्याळ कुठून सुरू करायचं हा तज्ज्ञांपुढचाही खरा प्रश्न आहे. २०१७ मध्ये युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नव्या सूचना काढताना ‘दारापासून’ हा शब्दप्रयोग सोडला आणि ईसीजीवर निदान झाल्याचा क्षण शून्य धरला. कारण रास्त होतं: कित्येक रुग्णांना उपचारांशी पहिला संपर्क रुग्णवाहिकेतच होतो, रुग्णालयाच्या दाराला तिथे अर्थ नसतो. पण त्याच सूचनांनी पहिल्या संपर्कापासून दहा मिनिटांत ईसीजीची अट कायम ठेवली. दुसरं घड्याळ घ्यायचं आणि पहिली अट मोजायचीच नाही, असं झालं की बाकावरचा माणूस हिशोबातून नाहीसा होतो.

तक्रारीच्या विरोधातले मुद्दे पोकळ नाहीत. पहिला मुद्दा ट्रायाजचा. इमर्जन्सी ही बँकेची रांग नव्हे, तिथे आधी आलेल्याला आधी असा न्याय नसतो. ज्याचा जीव जास्त धोक्यात तो आधी. हा न्याय नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक दोमिनिक-जाँ लारे याने रणांगणावर आणला. जखमी सैनिकाचा हुद्दा न पाहता जखम किती धोक्याची आहे ते पाहून क्रम लावायचा, हा त्याचा आग्रह होता. अधिकारी आधी, शिपाई नंतर हे जिथे स्वाभाविक मानलं जाई, तिथे हे केवढं धाडसाचं होतं! तेव्हा ‘आमच्यानंतर आलेला आधी आत गेला’ ही तक्रार मला स्वतःला मान्य नाही. त्या रात्री अपघातातल्या तरुणाला आधी घेतलं, ते बरोबरच होतं. माझ्या भावालाही ते पटतं.

पण ट्रायाज म्हणजे नुसता क्रम नव्हे. जगभर वापरली जाणारी मँचेस्टरची पद्धत पाहा. त्यात पाच रंग आहेत: लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी म्हणजे दहा मिनिटांत, पिवळा एका तासात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. प्रत्येक रंगाला वेळ बांधलेली आहे. दुसऱ्या शब्दांत, ‘थांबा’ म्हणणारा माणूस ‘किती वेळ थांबणं सुरक्षित आहे’ हेही ठरवत असतो. आणि हे ठरवणं एकदाच करून भागत नाही. बाकावरच्या रुग्णाची तब्येत बिघडू शकते, म्हणून त्याला ठरावीक वेळाने किंवा नवं लक्षण दिसताच पुन्हा तपासायचं असतं. १०:१५ ला मावशीला हिरव्या गटात टाकणं ही चूक होती की नाही यावर दोन प्रामाणिक डॉक्टरांचं दुमत होऊ शकतं. पण १०:५० ला मुलगा येऊन घाम फुटल्याचं सांगतो, तेव्हा मधुमेह, वय, दम आणि घाम अशा चार गोष्टी समोर असतात. त्या क्षणी पुन्हा तपासणी झाली नाही, यावर दुमत कसं होईल? ज्यांना ट्रायाजचा खरोखर आदर आहे त्यांनी तर या तक्रारीच्या बाजूने उभं राहायला हवं, कारण ती ट्रायाजच्याच नियमांवर बोट ठेवते.

दुसरा मुद्दा मला जास्त जड वाटतो. तक्रारींनी डॉक्टर मोडतात. ब्रिटनमधल्या ७,९२६ डॉक्टरांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर तक्रारीची कारवाई चालू होती किंवा नुकतीच होऊन गेली होती, त्यांच्यात नैराश्य आणि चिंता जास्त आढळली. त्याहून गंभीर म्हणजे बहुतेकांनी आपण बचावात्मक वागू लागल्याचं सांगितलं: गरज नसताना तपासण्या लिहायच्या, अवघड रुग्ण टाळायचे. म्हणजे तक्रारीचा भुर्दंड पुढच्या रुग्णाला. आणि हे मी जवळून पाहिलं आहे, कारण आमची पहिली तक्रार अगदी याच जातीची होती. भावाने रुग्णालयातून परतल्यावर चार पानं लिहिली. त्यात ‘अक्षम्य निष्काळजीपणा’ होता, ‘माणुसकी मेली’ होतं, ‘त्या नर्सला तत्काळ निलंबित करा’ होतं. मात्र एकही वेळ नव्हती. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की सर्व उपचार नियमानुसार झाले असून आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. आणि मधल्या काळात त्या सिस्टरांकडून लेखी खुलासा मागवला गेला. नंतर कळलं, त्या रात्री ट्रायाजला त्या एकट्याच होत्या, शिवाय आतल्या रुग्णांची इंजेक्शनंही त्यांच्याचकडे होती. आम्ही ज्या माणसाला शिक्षा मागितली, तो त्या रात्री सगळ्यांत कमी मोकळा असलेला माणूस होता. याची खंत भावाला आजही आहे.

यावरून तक्रार करू नये असा निष्कर्ष निघतो का? मला वाटतं, नेमका उलटा निघतो. प्रशासनाला चार पानांचा संताप मिळाला, तेव्हा त्यांना काहीही तपासावं लागलं नाही. व्यक्तीवरचा आरोप होता, तो व्यक्तीकडे ढकलला, खुलासा घेतला, फाईल बंद केली. अमूर्त तक्रार ही प्रशासनाला सोयीची असते, आणि तिची किंमत नेहमी खालच्या पायरीवरचा माणूस मोजतो. माणसाचं नाव घेणारी तक्रार माणसावर जाते. वेळ सांगणारी तक्रार ज्याच्या हातात वेळ बदलण्याची सत्ता आहे त्याच्याकडे जाते.

तिसरा मुद्दा गर्दीचा. उशीर होतो तो इमर्जन्सीतल्या लोकांच्या आळसामुळे नव्हे, खाटा नसल्यामुळे होतो, असं म्हटलं जातं. हे बहुतांशी खरं आहे, आणि लोकांना वाटतं त्याहून वेगळ्या तऱ्हेने खरं आहे. आपल्याला वाटतं, किरकोळ दुखण्याचे लोक येऊन गर्दी करतात. प्रत्यक्षात तुंबा बहुधा पलीकडच्या तोंडाशी असतो. तपासून झालेला, भरती करायचं ठरलेला रुग्ण वर वॉर्डात खाट नाही म्हणून इमर्जन्सीच्याच खाटेवर पडून राहतो. तो हलत नाही म्हणून बाहेरचा आत येऊ शकत नाही. आणि वॉर्डात खाट का नाही? कारण सकाळी घरी सोडायचा रुग्ण सही, बिल, औषधं या कारणांनी संध्याकाळपर्यंत खाटेवरच असतो. बाकावरच्या मावशीचा ईसीजी आणि तिसऱ्या मजल्यावरचं रखडलेलं डिस्चार्ज यांच्यात सरळ धागा आहे. हा धागा इमर्जन्सीतल्या कोणत्याही डॉक्टरच्या हातात नाही. तो आहे मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या, प्रशासनाच्या हातात. मग गर्दी हे तक्रार न करण्याचं कारण कसं ठरतं? गर्दी हेच तर प्रशासनाला पत्र लिहिण्याचं सगळ्यांत मोठं कारण आहे. खाटा अडल्याचं गाऱ्हाणं इमर्जन्सीतले डॉक्टर बैठकांमध्ये वर्षानुवर्षं मांडत असतात. त्यांच्या तोंडी गाऱ्हाण्याला जे वजन नाही, ते आवक क्रमांक पडलेल्या, उत्तर द्यावं लागणाऱ्या पत्राला असतं.

म्हणून दुसरं पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिलं. दीड पान. वर मावशीचा नोंदणी क्रमांक आणि तारीख. त्याखाली वेळांचा तक्ता, आणि प्रत्येक वेळेपुढे ती कशावरून कळली ते. ९:४० कशावरून? दारात उतरताच भावाने मला फोन केला होता, तो फोनच्या यादीत होता. ९:५८ केस पेपरवर छापलेली. १०:५० ची आठवण पक्की होती, कारण सिस्टरांशी बोलून परत येताच त्याने बहिणीला मेसेज केला होता. ११:२५ ला मात्र पुरावा नव्हता. तिथे आम्ही ‘अंदाजे, आठवणीवरून’ असं लिहिलं. हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे. एक वेळ फुगवलेली निघाली की बाकीच्या खऱ्या वेळाही संशयात जातात. ११:५२ ही ईसीजीच्या पट्टीवरची वेळ. अशा यंत्रांची घड्याळं पुढेमागे असतात, म्हणून पट्टीवरची वेळ आणि संगणकातली वेळ जुळते का ते पाहावं, असंही नमूद केलं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि नंतर ऐकलेलं वेगळं ठेवलं. ‘हृदय निकामी झालं ते तुमच्यामुळे’ हे वाक्य भावाला लिहायचंच होतं. मी ते काढायला लावलं.

का काढलं, ते सांगायला हवं, कारण यावर आमच्यात रात्रभर वाद झाला आणि हाच चौथा आक्षेप आहे: उशिरामुळेच नुकसान झालं हे सिद्ध कसं करणार? एका रुग्णापुरतं ते बहुधा करताच येत नाही. दहा मिनिटांत ईसीजी निघाला असता तर मावशीचं हृदय किती वाचलं असतं, हे कोणीही शपथेवर सांगू शकणार नाही. समूहात मात्र ते दिसतं. इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या आकडेवारीवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, भरतीसाठी इमर्जन्सीत सहा ते आठ तासांहून अधिक रखडलेल्या दर ८२ रुग्णांमागे तीस दिवसांत एक जादा मृत्यू होतो. त्या ८२ जणांतला तो एक कोण, हे कधीच कळत नाही. प्रत्येक कुटुंबाला ‘तसंही झालंच असतं’ असं सांगता येतं, आणि प्रत्येक वेळी ते खरंही असू शकतं. म्हणून उशिराची तक्रार नुकसानाच्या पुराव्यावर उभी करू नये. नियम दहा मिनिटांचा, लागली १३२ मिनिटं. एवढं पुरेसं आहे. मावशी ठणठणीत बरी होऊन घरी आली असती तरी हे पत्र तितकंच खरं ठरलं असतं. नुकसानभरपाईसाठी भांडायचं असेल तर ती वाट वेगळी, तिचे पुरावे वेगळे, आणि त्यासाठी वकील गाठावा. दोन्ही वाटा एका कागदावर आणल्या की प्रशासन तो कागद सरळ वकिलांकडे देतं आणि पुढे कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

पत्राच्या शेवटी चार प्रश्न होते. त्या रात्री ९:४० ते ११:५० या वेळेत ट्रायाजला किती माणसं होती? बसवून ठेवलेल्या रुग्णाला पुन्हा तपासण्याचा लेखी नियम आहे का, आणि मावशीच्या बाबतीत तो पाळला गेल्याची नोंद कुठे आहे? ईसीजी काढायला डॉक्टरची लेखी सूचना लागते का? इमर्जन्सीच्या किती खाटांवर वॉर्डाची वाट पाहणारे रुग्ण होते? सोबत केस पेपर, ट्रायाजची नोंद, नर्सिंग नोट्स आणि ईसीजीची प्रत मागितली, आणि प्रतीक्षाकक्षातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं अशी विनंती केली. ते काही आठवड्यांत पुसलं जातं. चार पानांच्या संतापात आमचा तो काळ जवळजवळ निघून गेला होता. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतला. निलंबन मागितलं नाही. सिस्टरांचं नाव कुठेही लिहिलं नाही.

काही वाचक म्हणतील, एवढं काटेकोर लिहिणं सगळ्यांना कुठे जमतं? हा आक्षेप खरा आहे. ज्याला लिहिता येतं त्याचीच तक्रार ऐकली जाणार, हा अन्याय आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारीही रुग्णालयाचीच. तोंडी तक्रार लिहून घेणारा माणूस तिथे बसवायला हवा. पण तोवर निदान इतकं तरी: वेळा. फोनमध्ये मेसेज टाकून ठेवलेल्या चार वेळा कोणीही सांगू शकतो.

दुसरी एक शंका अधिक खोल आहे. घड्याळावर एवढा भर दिला तर रुग्णालयं घड्याळालाच फसवायला शिकणार नाहीत का? शिकतात. इंग्लंडने इमर्जन्सीतल्या रुग्णाला चार तासांत भरती करण्याचं, दुसरीकडे हलवण्याचं किंवा घरी सोडण्याचं बंधन घातलं, तेव्हा चार तास भरण्याच्या शेवटच्या काही मिनिटांत रुग्ण झपाट्याने हलवले जाऊ लागले; आलेखावर तो सुळका स्पष्ट दिसत असे. स्टॅफर्डच्या रुग्णालयात तर याचा कळस झाला. तिथे इमर्जन्सीत आलेल्या रुग्णांची पहिली पाहणी प्रशिक्षण नसलेले स्वागतकक्षातले कर्मचारी करत असल्याचं २००९ च्या चौकशीत उघड झालं. उद्दिष्टं आणि पैशांची बचत यांत व्यवस्थापन गुंतलं होतं. तेव्हा नुसतं उद्दिष्ट ठेवल्याने भागत नाही, हे मान्यच. पण स्टॅफर्ड उघडं पडलं ते कशामुळे? मृत्युदराचे आकडे होतेच; पण सार्वजनिक चौकशी व्हावी म्हणून पाठ न सोडणारे होते ते नातेवाईक. त्यांनी आपल्या माणसांजवळ बसून जे पाहिलं होतं ते ते लिहीत राहिले, सांगत राहिले. तक्रारी त्याआधीही येत होत्या. संचालक मंडळापुढे मात्र त्यांची संख्या जाई, मजकूर जात नसे. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल २०१३ मध्ये आला, २९० शिफारशींसह, आणि तक्रारींकडे कसं पाहावं याला त्यात स्वतंत्र जागा मिळाली. आतल्या माणसाने मोजलेलं घड्याळ फसवता येतं. बाहेरच्या बाकावरून पाहिलेलं घड्याळ फसवणं फार कठीण.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या ॲलेक्स गिलेस्पी आणि टॉम रीडर या संशोधकांनी हजाराहून अधिक तक्रारपत्रांचं विश्लेषण करून २०१८ मध्ये हेच दाखवलं. रुग्णालयाला स्वतःला न दिसणाऱ्या जागा तक्रारींत दिसतात: रुग्ण आत येताना, बाहेर पडताना, आणि जे करायला हवं होतं पण केलंच नाही अशा चुका. मला यात शंभर वर्षांपूर्वीचा बोस्टनचा शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन आठवतो. प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा रुग्णालयाने करावा आणि बरा झाला नसेल तर का नाही ते जाहीर करावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. १९१४ मध्ये त्याने मोठ्या रुग्णालयातली नोकरी सोडली. आपल्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांचा हिशोब मांडून त्यात १२३ चुका झाल्याचं त्याने स्वतःहून छापलं. सहकाऱ्यांनी त्याला वाळीत टाकलं. आज उपचारांचे परिणाम मोजणं ही सर्वमान्य गोष्ट आहे. कॉडमनने शेवट मोजायला शिकवलं. सुरुवातीचा हिशोब अजून बाकी आहे, आणि तो मांडायला बाकावर बसलेल्या माणसाशिवाय साक्षीदार नाही.

आमच्या दुसऱ्या पत्राला पाच आठवड्यांनी उत्तर आलं आणि त्यात पहिल्यांदाच माहिती होती. ट्रायाजला एकच नर्स. पुन्हा तपासणीचा लेखी नियम नव्हता. डॉक्टरच्या सहीशिवाय ईसीजी निघत नसे, आणि त्या रात्रीचे दोन्ही डॉक्टर अपघाताच्या रुग्णांत होते. इमर्जन्सीच्या चौदा खाटांपैकी अकरांवर वॉर्डात जागा मिळण्याची वाट पाहणारे रुग्ण. चूक नव्हती असं त्यांनी म्हटलं नाही, चूक होती असंही म्हटलं नाही. पण एक आदेश सोबत जोडला होता: चाळिशीपुढच्या कोणाही रुग्णाला दम, घाम, किंवा छाती ते बेंबी यांमध्ये कुठेही दाब वा जळजळ असेल, तर ट्रायाजच्या नर्सने डॉक्टरची वाट न पाहता ईसीजी काढावा आणि पट्टी जवळच्या डॉक्टरला तत्काळ दाखवावी. ज्या सिस्टरांकडून खुलासा मागवला होता त्यांना आम्ही जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, हा आदेश त्या दोन वर्षांपासून तोंडी मागत होत्या.

डिस्चार्ज कार्डावरची वेळही बदलून मागितली होती. मूळ नोंद खोडता येत नाही, आणि खोडू नयेच. तिला सही-तारखेसह पुरवणी नोंद जोडली जाते. तशी ती जोडली गेली: ‘रुग्णाचं आगमन ९:५८, केस पेपरनुसार.’ ९:४० त्यांनी मान्य केलं नाही, कारण फोनच्या यादीतला कॉल हा रुग्णालयाचा कागद नव्हे. दारापासून खिडकीपर्यंतची ती अठरा मिनिटं अजून कोणाच्याही नोंदीत नाहीत. त्यासाठी तिसरं पत्र दिलं आहे. त्यात मागणी एकच आहे: दारात, व्हीलचेअर ठेवतात तिथे, आलेल्या प्रत्येकाच्या हातात वेळ छापलेली चिठ्ठी द्या, आणि केस पेपरवर पहिली वेळ त्या चिठ्ठीची घ्या.